मोकळे केस नव्या पार्श्वभूमीवर नेताना पांढरी कड का राहते आणि ती कशी काढायची

साखरपुड्याच्या अल्बमचं कव्हर करायचं होतं. फोटो मुलीच्या घराच्या गच्चीवर, जुलै महिन्यात, ढगाळ आभाळाखाली काढलेला. केस मोकळे सोडलेले, आणि पावसाळी दमट हवेत भुरभुरतात तसे कानामागून, मानेवरून, भांगावरून असंख्य बारीक तारा सुटलेल्या. घरच्यांना मागे ते फिकं आभाळ नको होतं. आंबोलीच्या घाटातली गर्द हिरवी झाडी हवी होती. उजळ पार्श्वभूमीवरचे काळे केस गडद पार्श्वभूमीवर न्यायचे, हे आपल्याकडे सगळ्यात जास्त येणारं काम आहे आणि सगळ्यात जास्त बिघडणारंही. म्हणून हाच फोटो घेऊन पायरीपायरीने सांगतो. मी फोटोशॉप वापरतो, त्यामुळे आज्ञांची नावं तिथली आहेत. जिंपमध्ये काय करायचं तेही पुढे सांगितलं आहे.

एका पिक्सेलमध्ये केस किती आणि आभाळ किती

कटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कात्री येते. इथपर्यंत केस आणि इथून पुढे आभाळ, असं आपण मनात धरतो. खांद्याच्या किंवा पदराच्या कडेला ते जवळजवळ खरंही असतं. केसांच्या बाबतीत मात्र तशी रेषाच नसते.

हा फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा, उभा, डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचा. म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर उंची ६००० पिक्सेलमध्ये बसली आहे, आणि एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर येतात. माणसाचा केस असतो ०.०७ मिलिमीटरच्या आसपास जाड. एकटा सुटलेला केस पिक्सेलचा फार तर तिसरा हिस्सा व्यापतो, उरलेला सगळा भाग आभाळाचा. लेन्सचा मऊपणा धरला तर केसाचा वाटा आणखी कमी होतो. त्यामुळे केसाच्या त्या पिक्सेलचा रंग काळा नसतोच. तो आभाळात थोडा काळा मिसळलेला फिका करडा असतो.

हे मिश्रण एका ओळीत मांडता येतं. टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली चित्रांवर चित्र बसवण्याचे जे नियम लिहिले, त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे, आणि फोटोशॉपचा प्रत्येक मास्क आजही त्यावरच चालतो:

```
C = a*F + (1-a)*B
```

C म्हणजे आपल्याला दिसणारा पिक्सेल, F केसाचा खरा रंग, B मागचं आभाळ, आणि a म्हणजे त्या पिक्सेलमध्ये केसाचा वाटा किती. आपल्या हातात फक्त C आहे. नव्या पार्श्वभूमीवर केस नीट बसायचा तर a शोधावा लागतो आणि F सुद्धा. मास्क आपल्याला a देतो. पण F कुणी शोधत नाही. पिक्सेल आहे तसाच उचलला जातो, आणि त्याच्या पोटातलं आभाळही त्याच्यासोबत घाटात जाऊन बसतं. पांढरी कड ती हीच. मास्क कितीही बारकाईने केला तरी ती जात नाही, कारण चूक मास्कमध्ये नसून रंगात असते. या लेखात निम्मी मेहनत मास्कवर आणि निम्मी रंगावर आहे ती यासाठी.

मूळ फाइल मागून घ्या

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत या कामाला चालत नाही. फोटो लहान झालेला असतो, आणि जेपेगच्या दाबण्यात केसांभोवती ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोनी डाग उमटलेले असतात. शिवाय अशा जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईने साठवलेली असते. त्यामुळे नुसता निळा चॅनल उघडला की बारीक केसांच्या जागी पायऱ्यापायऱ्यांची कड दिसते. पाठवणाऱ्याला सांगा, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रॉ फाइल मिळाली तर फारच बरं.

रॉ असेल तर कॅमेरा रॉमध्ये Sharpening शून्यावर आणा. तिथे ते आपोआप ४० वर असतं, आणि धार लावताना काळ्या केसाच्या दोन्ही बाजूंना आभाळापेक्षाही उजळ अशी एक रेघ तयार होते. कटिंगनंतर तीच रेघ आपल्याला छळते. धार शेवटी, नव्या पार्श्वभूमीसकट लावता येते. फाइल १६ बिटमध्ये उघडा. पुढे करड्या छटा ताणायच्या आहेत, आणि ८ बिटमध्ये त्या तुटतात.

उघडल्यावर लेअरची प्रत करा, Ctrl+J. मूळ लेअर कुलूप लावून खाली ठेवा. तो पुढे लागणार आहे.

शरीर पेनने, केस चॅनलने

चेहरा, खांदे, हात आणि साडी यांच्या कडा पेन टूलने करा. एकाच साधनाने सगळा माणूस कापायचा हट्ट धरला की केस कडक होतात किंवा खांदे मऊ पडतात. पाथ शरीराच्या कडेच्या एक पिक्सेल आतून चालवा. केसांपाशी आलात की कडेला जाऊ नका. दाट केसांच्या आत, १५ ते २० पिक्सेल मागे, सैलसर वळण घेऊन पलीकडे निघा. तिथून बाहेरचा सगळा पट्टा चॅनलचा. पाथला नाव देऊन तो सेव्ह करून ठेवा.

आता Channels पॅनेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही एकेक करून बघा. आपल्याला केस आणि आभाळ यांत सगळ्यात जास्त फरक दाखवणारा हवा आहे. काळ्या केसांत थोडी तांबूस झाक असते, म्हणून लाल चॅनलमध्ये ते किंचित उजळ दिसतात आणि निळ्यात सगळ्यात गडद. ढगाळ आभाळ निळ्यात सगळ्यात उजळ. त्यामुळे या फोटोत निळा जिंकतो. पण निळ्यात दाणे जास्त असतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरव्याचे आणि निळ्याचे फक्त चौथा हिस्सा, म्हणून हिरवा चॅनल बहुतेक वेळा सगळ्यात स्वच्छ निघतो. २०० टक्क्यांवर बघून निळा फारच वाळूसारखा दिसत असेल तर फरक जरा कमी असला तरी हिरवा घ्या. निवडलेल्या चॅनलची प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरच करा. मूळ चॅनलला हात लावला तर फोटोचाच रंग बदलेल.

Levels मध्ये आकडे अंदाजाने घालू नका

इथे बरेच जण स्लायडर दोन्ही बाजूंनी आत ढकलतात. चित्र काळंपांढरं ठसठशीत होईपर्यंत ढकलत राहतात, आणि तिथेच बारीक केस मरतात. वरची ओळ जरा फिरवून बघा:

```
a = (B - C) / (B - F)
```

Levels नेमकं हेच गणित करतं. काळ्या टोकाला केसाचा आकडा आणि पांढऱ्या टोकाला आभाळाचा आकडा दिला की मधली प्रत्येक करडी छटा म्हणजे त्या पिक्सेलमधल्या केसाचा वाटा, फक्त उलटा. म्हणून आकडे ढकलून ठरवायचे नाहीत, मोजून घ्यायचे.

आयड्रॉपर घ्या, वर Sample Size मध्ये 5 by 5 Average ठेवा, F8 दाबून Info पॅनेल उघडा. केसांच्या लगतच्या आभाळावर फिरवा. माझ्या फोटोत निळ्या चॅनलला तिथे २२२ येत होते. मग दाट बटेवर, पण कडेजवळच्या बटेवर या. मानेमागच्या खोल सावलीतले केस १२ दाखवतील, ते घेऊ नका. कडेच्या केसांवर आभाळाचा उजेड पडलेला असतो, ते तेवढे काळे नसतात. मला तिथे ३० मिळाले.

म्हणजे १७४ असलेला एखादा पिक्सेल घेतला, तर २२२ उणे १७४ म्हणजे ४८, आणि २२२ उणे ३० म्हणजे १९२. ४८ भागिले १९२ म्हणजे पाव. त्या पिक्सेलमध्ये पाव केस आणि पाऊण आभाळ आहे. हा पिक्सेल लक्षात ठेवा, रंगाच्या वेळी परत लागेल.

आता Ctrl+L दाबून Levels उघडा. काळ्या Input मध्ये ३०. पांढऱ्यात २२२ ऐवजी मी २१८ घातले, कारण आभाळातल्या दाण्यांमुळे काही पिक्सेल २१८ पर्यंत उतरत होते, आणि तसेच ठेवले असते तर मास्कमध्ये धुरळा राहिला असता. चार आकड्यांनी बारीक केसाचं फारसं काही जात नाही. वीस आकड्यांनी जातं. मधला स्लायडर १.०० वरच राहू द्या.

आभाळ सगळीकडे सारखं नसतं ही खरी अडचण. माझ्या फोटोत डावीकडे २२२ आणि उजवीकडे २०६ होते. एकच आकडा सगळीकडे लावला तर उजवीकडे करडा पडदा राहतो, आणि २०६ लावले तर डावीकडचे केस झडतात. म्हणून लॅसोने उजव्या बाजूचे केस सैलसर निवडले, निवडीला १५० पिक्सेलचा Feather दिला आणि तिथे वेगळे Levels केले, ३० आणि २०३. मग निवड उलटी करून डावीकडे ३० आणि २१८. दोन्हींच्या सांध्यावर काही दिसत नाही, कारण Feather मोठा आहे.

झाल्यावर पुन्हा एकदा Levels उघडा, काळा स्लायडर २४० पर्यंत ओढा आणि फक्त बघा. डोळ्यांना पांढरंशुभ्र वाटणारं आभाळ अजून मळकट असेल तर ते आता काळ्या ढगासारखं उठून दिसेल. कुठे आहे ते टिपून घ्या आणि Cancel करा.

मास्क साफ करणे

राहिलेली घाण पुसायला साधा ब्रश नको. ब्रशचा Mode बदलून Overlay करा, Opacity १५ ते २० टक्के. या मोडमध्ये पांढरा ब्रश उजळ करड्याला आणखी उजळ करतो, पण काळ्याला हात लावत नाही. काळा ब्रश गडद करड्याला गडद करतो आणि पांढऱ्याला सोडून देतो. पांढऱ्याने आभाळाच्या बाजूचा मळ काढा, काळ्याने दाट केसांमधली चमक बुजवा. तारांच्या टोकांवरून शक्यतो फिरवू नका. तिथला करडेपणा म्हणजे खरी माहिती आहे. सगळं पूर्ण काळं किंवा पूर्ण पांढरं झालं की केस कुरतडल्यासारखे दिसतात, आणि घरातला कुणीही बघून सांगतो की टोप घातल्यासारखं वाटतंय.

मग Ctrl+I ने चॅनल उलटा करा, केस पांढरे होतील. पाथ निवडून Ctrl+Enter दाबा, निवडीला अर्ध्या पिक्सेलचा Feather द्या आणि आतला भाग पांढऱ्याने भरा. शरीर भरलं. पाथच्या बाहेर, केसांपासून लांब, जे काही उरलंसुरलं असेल ते काळ्याने भरून टाका. चॅनलच्या छोट्या चित्रावर Ctrl धरून क्लिक करा, वरच्या RGB वर क्लिक करून लेअरकडे या, आणि प्रत केलेल्या लेअरला मास्क लावा.

त्या लेअरखाली आता घाटाची झाडी ठेवा. केसांभोवती पांढरट तारांचं जाळं दिसेल. घाबरून मास्क आकसवायला जाऊ नका. मास्क बरोबर आहे.

रंग: इथे खरं काम आहे

मघाचा पाव केसाचा पिक्सेल घेऊ. आभाळाचा रंग २१४, २१८, २२२ आणि केसाचा ३८, ३२, ३०. पाव आणि पाऊण मिसळून फोटोत तो पिक्सेल साधारण १७०, १७२, १७४ असा फिका करडा आहे. झाडीचा रंग त्या जागी ४०, ५८, ३८. मास्क म्हणतो, पाव भाग फोटोतला घ्या आणि पाऊण भाग झाडीचा. उत्तर येतं ७३, ८७, ७२. म्हणजे काळा केस मागच्या झाडीपेक्षा दीडपटीहून जास्त उजळ झाला. पिकलेल्या केसासारखा दिसतो. त्याच जागी पाव भाग केसाच्या खऱ्या रंगाचा घेतला तर उत्तर येतं ४०, ५२, ३६, झाडीपेक्षा किंचित गडद. डोळ्याला पटतो तो हाच.

तेव्हा करायचं इतकंच: मास्क तसाच ठेवून त्याखालच्या पिक्सेलमधलं आभाळ काढायचं आणि तिथे केसाचा रंग भरायचा. मास्क लावलेल्या लेअरवर एक नवा रिकामा लेअर घ्या आणि Alt+Ctrl+G दाबून तो खालच्या लेअरला बांधा. आता यावर काहीही रंगवलं तरी ते फक्त मास्कमधून दिसेल. मऊ ब्रश घ्या, ४० ते ६० पिक्सेलचा, Opacity ३० टक्के. Alt धरून कडेपासून १०-१५ पिक्सेल आतल्या बटेवरून रंग उचला आणि आतून बाहेर, केस ज्या दिशेने जातो त्या दिशेने हात मारा. दोनतीन हातांत पांढरी तार काळी होते. दर दोनतीन इंचांवर रंग पुन्हा उचला. भांगापाशी केस वेगळे असतात, उन्हाने तांबूस झालेली टोकं वेगळी, मेंदी लावलेली बट त्याहून वेगळी. एकाच काळ्याने सगळीकडे फिरवलं तर कड छापल्यासारखी दिसते.

ब्रशचा आणि लेअरचा मोड Normal ठेवा. हा लेअर Color मोडमध्ये ठेवावा असं अनेक ठिकाणी शिकवतात. हिरव्या किंवा निळ्या पडद्यापुढच्या फोटोत त्याचा उपयोग होतो, कारण तिथे चूक रंगछटेची असते. आपल्या फोटोत चूक उजळपणाची आहे. Color मोड उजळपणाला हात लावत नाही, म्हणून फिकी तार फिकीच राहते, फक्त जरा तपकिरी होते.

दाट केसांच्या आत रंगवू नका. तिथे बटांची चमक आणि पोत आहे, तो खरा आहे. रंगवायचा फक्त कडेचा पट्टा, जिथे मास्क करडा आहे तेवढाच. बटांच्या मधल्या फटी विसरू नका. कानापाशी आणि मानेजवळ केसांच्या जाळीतून डोकावणारं आभाळ बरेचदा मास्कमध्ये अर्धवट शिल्लक राहतं, आणि अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तिथे पांढरे ठिपके चमकतात.

Select and Mask मध्ये Decontaminate Colors नावाची एक खूण आहे, ती हेच काम आपोआप करते. केसांचा रंग बाहेर ओढून कडेच्या पिक्सेलमध्ये भरते. घाईत असताना मी ती वापरतो, ३० ते ५० टक्क्यांवर. त्याहून वर गेलं की दागिन्याचा सोनेरी आणि कपाळाचा रंग केसांत ओढला जातो. ती पिक्सेलच बदलते, म्हणून Output मध्ये New Layer with Layer Mask ठेवा. Layer > Matting > Defringe मात्र केसांना वापरू नका. ते ठरावीक रुंदीचा पट्टा सरसकट आतल्या रंगाने पुसतं, आणि बारीक तारा लोण्यासारख्या फासल्या जातात.

सुटलेल्या एकट्या तारांसाठी Multiply

डोक्यापासून दूर उडालेल्या एकट्या केसांसाठी मास्कपेक्षा सोपा उपाय आहे, पण तो फक्त उजळ पार्श्वभूमीवरच्या काळ्या केसांना चालतो. खाली ठेवलेल्या मूळ लेअरची आणखी एक प्रत करा आणि ती मास्कच्या लेअरखाली, झाडीच्या वर ठेवा. त्यावर Levels उघडून त्यातला पांढरा आयड्रॉपर उचला आणि केसांजवळच्या आभाळावर क्लिक करा. तिन्ही चॅनलमध्ये आभाळ २५५ होईल. आता लेअरचा मोड Multiply करा. या मोडमध्ये पांढरं म्हणजे काहीच नाही. आभाळ नाहीसं होतं आणि उरतो तो फक्त केसाने अडवलेला उजेड, झाडीवर पडलेल्या सावलीसारखा. वाटा आणि रंग, दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

या लेअरला काळा मास्क लावा आणि जिथे एकटे केस आहेत तिथेच पांढऱ्या मऊ ब्रशने उघडा. त्या जागी वरच्या लेअरच्या मास्कमधून त्या तारा पुसून टाका. दोन्ही ठेवल्या तर केस दोनदा पडतो आणि जाड दिसतो. मी वाटणी अशी करतो: दाट कड मास्क आणि रंगाने, आणि कडेपासून बोटभर पलीकडे गेलेलं सगळं Multiply ने.

झाडी फार काळी असेल तर या तारा जवळजवळ दिसेनाशा होतात. खऱ्या अंधाऱ्या झाडीपुढेही त्या तशाच नाहीशा झाल्या असत्या, त्यामुळे त्याची काळजी करू नका.

कुठे ही पद्धत चालत नाही

मागून ऊन आलेला फोटो असेल तर कडेचे केस काळे नसून सोनेरी, कधी आभाळाएवढेच उजळ असतात. मग चॅनल त्यांना आभाळच समजतो आणि केसांच्या कडेला भोकं पडतात. Multiply तर त्यांना पुसूनच टाकतो. अशा वेळी दाट केसांच्या आत स्वच्छ कड घेऊन बाहेरच्या तारा हाताने काढाव्या लागतात. दोन पिक्सेलचा ब्रश, Shape Dynamics मध्ये Size चा Control ठेवायचा Fade, म्हणजे टोकाकडे तार निमुळती होते. प्रत्येक तार मुळापासून बाहेर, एका हातात ओढायची. वीसपंचवीस पुरतात. जास्त काढल्या तर गवतासारख्या दिसतात.

मागे झाड, लग्नाच्या मंडपातले दिवे किंवा गर्दी असेल तर आभाळाचा एक आकडाच नसतो, त्यामुळे Levels चं गणितही उरत नाही. तिथे Select and Mask मधला Refine Edge Brush थोडं काम करतो, तरी शेवट हाताने तारा काढण्यातच होतो. पिकलेल्या पांढऱ्या केसांचा आजोबांचा फोटो ढगाळ आभाळापुढे काढलेला असेल, तर मी सरळ सांगतो की पार्श्वभूमी उजळच निवडा. फिक्या पार्श्वभूमीवर राहिलेलं आभाळ डोळ्याला खुपत नाही. पार्श्वभूमी निवडण्याआधी फोटोतली पार्श्वभूमी बघायची सवय लावली तर अर्धी भांडणं मिटतात.

जिंपमध्ये

जिंप फुकट मिळतं आणि त्यात या कामासाठी एक फार चांगली गोष्ट आहे, Colors > Color to Alpha. आपण दिलेला रंग, म्हणजे इथे आभाळाचा, ते प्रत्येक पिक्सेलमधून वजा करतं, उरलेल्या भागाला त्या प्रमाणात पारदर्शक करतं आणि रंगही दुरुस्त करतं. वरचं समीकरण ते एका झटक्यात सोडवतं. आभाळाचा रंग पिकरने केसांच्या लगत उचला. अडचण एकच, चेहरा आणि कपड्यांतूनही आभाळासारखा भाग निघून जातो आणि ते अर्धवट पारदर्शक होतात. म्हणून लेअरची प्रत करून ही आज्ञा फक्त केसांच्या प्रतीवर चालवा, आणि पेनने कापलेलं शरीर वेगळ्या लेअरवर तिच्या वर ठेवा.

बसवणे आणि तपासणे

केस बसले तरी फोटो चिकटवल्यासारखा दिसत असेल तर आधी उजेडाची दिशा बघा. ढगाळ आभाळातला उजेड वरून सगळीकडे सारखा पडतो, म्हणून मी झाडीचाही ढगाळ दिवसातलाच फोटो निवडला. नंतर फोकस. मुलगी स्पष्ट आणि मागचं प्रत्येक पान स्पष्ट, असं त्या लेन्सने कधीच दिलं नसतं. झाडीला ८ पिक्सेलचा Gaussian Blur दिला. ब्लर दिल्यावर झाडीचे दाणे निघून जातात आणि ती प्लास्टिकसारखी गुळगुळीत होते, म्हणून तिच्यावर Add Noise एक-दीड टक्का घातला.

तपासणीसाठी झाडीच्या वर आणि माणसाच्या खाली तीन Solid Color लेअर ठेवा: पांढरा, काळा आणि भडक लाल. एकेक चालू करून १०० टक्क्यांवर केसांभोवती फिरा. काळ्यावर पांढरी कड आणि राहिलेला धुरळा दिसतो, पांढऱ्यावर कुरतडलेली टोकं दिसतात, आणि लालवर दाट केसांमधली भोकं दिसतात, कारण तिथून लाल डोकावतो. Multiply च्या तारा लालवर जरा तपकिरी दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नका. हे तीन लेअर मी फाइलमध्येच बंद करून ठेवतो.

ही सवय मला एका अनुभवाने लागली. सुरुवातीच्या काळात एका वाढदिवसाचा फ्लेक्स केला होता. स्क्रीनवर ३३ टक्क्यांवर बघितला, छान दिसला, पाठवून दिला. आठ फुटांचा छापून चौकात लागला तेव्हा डोक्याभोवती पांढरी कड लांबूनही दिसत होती. ३३ टक्क्यांवर तीन पिक्सेलचा एक होतो, आणि एक-दोन पिक्सेलची कड त्यात विरघळून जाते.

गच्चीवरच्या या फोटोत तपासणीत दोन गोष्टी सापडल्या. डाव्या कानाच्या झुमक्यापाशी केस आणि सोनं यांच्या मधल्या फटीत आभाळाचा तुकडा राहिला होता. तो मास्कवर तीन पिक्सेलच्या ब्रशने काढला, चॅनलने तो कधीच निघाला नसता. दुसरं, उजव्या खांद्यावर रुळणाऱ्या बटेखाली साडीचा जांभळा रंग केसांत उतरला होता, कारण मी रंग तिथून चुकून साडीवरून उचलला होता. तेवढा पट्टा पुसून बटेवरून पुन्हा उचलून भरला.

फाइल लेअरसकट PSD किंवा TIFF मध्ये ठेवा आणि मास्कचा चॅनल पुसू नका. जेपेगमध्ये तो टिकत नाही. अल्बमचं कव्हर छापून झालं, आणि पंधरा दिवसांनी त्याच घरून फोन आला की पत्रिकेसाठी हाच फोटो क्रीम रंगावर हवा आहे. झाडी बंद केली, क्रीम लावला. पावडरीसारखी कड कुठे दिसते का ते बघितलं. भरलेला रंग फिक्या पार्श्वभूमीवर जरा जड वाटत होता, म्हणून रंगाच्या लेअरची Opacity १०० वरून ७० वर आणली. दहा मिनिटांत पत्रिका गेली.